लाल गाठ काढली, रक्त थांबलं, मग तो तुकडा लॅबला कशाला पाठवायचा?

"एवढीशी गाठ होती, डॉक्टरांनी काढली, रक्तही थांबलं, मग आता तो तुकडा तपासायला पाठवायचे वेगळे पैसे कशाला?" हा प्रश्न मला इंदूरमध्ये ओळखीच्या, बिनओळखीच्या खूप लोकांनी विचारलाय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून तो काय आहे हे सांगणं हे माझं काम. फॅमिली ग्रुपवर अधूनमधून तो ठरलेला फोटो येतो, बोटावर किंवा ओठावर लालभडक चकचकीत गाठ, आणि खाली मेसेज की महिन्यापूर्वी काहीच नव्हतं, आता जरा धक्का लागला की रक्त थांबत नाही, ही चामखीळ आहे का. मग पंधरा जण पंधरा उपाय सांगतात, आणि त्यातले निम्मे असे असतात की ते केल्यावर माझ्याकडे तपासायला काही उरतच नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी ही गाठ आहे काय ते

फोटोतल्या गाठीला डॉक्टर बहुतेक वेळा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. नाव ऐकून वाटतं की पू झालाय, इन्फेक्शन आहे, पण तसं काही नसतं. 1897 साली पोन्से आणि डोर या दोन फ्रेंच सर्जननी तिचं वर्णन केलं तेव्हा त्यांना ती बुरशीमुळे होते असं वाटलं होतं, पुढे 1904 मध्ये हार्टझेल या अमेरिकन डॉक्टरांनी पू होणाऱ्या जंतूंशी जोडणारं नाव दिलं आणि तेच चिकटलं. हे एवढ्यासाठी सांगितलं की मेडिकलवरून आणलेलं अँटिबायोटिक मलम दोन दोन आठवडे लावून लोक गाठ जायची वाट बघत बसतात आणि ती जात नाही, कारण मारायला आत जंतूच नसतात.

खरं तर ही गाठ म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. ज्यांना आपण केशवाहिन्या म्हणतो त्या, केसाहून बारीक. जखम झाली की ती भरून काढायला शरीर तिथे नव्या केशवाहिन्या तयार करतं. घराचं बांधकाम चालू असताना पाण्याची तात्पुरती लाइन ओढतात आणि काम झालं की काढून टाकतात, तसंच हे, जखम भरली की त्या जादाच्या वाहिन्या आपोआप आटतात. या गाठीत काम थांबवायचा निरोपच पोचत नाही, लाइनवर लाइन ओढली जाते, आणि दोनतीन आठवड्यांत मसुराएवढा ठिपका हरभऱ्याएवढा होतो. बहुतेक गाठी साधारण 1 सेंटिमीटरपर्यंत वाढतात, काही 2 पर्यंत, आणि मग वाढ थांबते.

सगळ्यांनाच जखम आठवते असं नाही बरं का. पुष्कळ पेशंटना विचारलं तर काही लागलेलं आठवत नाही. आणि उलटही होतं, ते जास्त महत्त्वाचं आहे, की लागलं होतं हे आठवतं पण गाठीचं कारण ते नसतंच. बोटाला, तळपायाला काही ना काही रोजच लागत असतं, त्यामुळे गाठ दिसली की माणूस मागे जाऊन एखादा काटा, एखादी ठेच शोधून काढतोच. पुढे या गोष्टीचा संबंध येणार आहे.

एवढं रक्त का येतं, आणि आलं तर काय करायचं

मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो, ती कापली गेली की आक्रसते आणि रक्त कमी होतं. केशवाहिनीला तो स्नायूच नसतो. त्यात या गाठीवरची कातडी अगदी पातळ, बऱ्याचदा वरून सोललेलीच असते, त्यामुळे टॉवेल घासला, अंगठी अडकली, रात्री झोपेत पांघरूण ओढलं की भळाभळा सुरू. बघणारा घाबरतो पण निव्वळ या रक्तामुळे जीवाला धोका होणं फार क्वचित.

स्वच्छ सुती कापड घ्या, गाठीवर घट्ट दाबा, हात किंवा पाय वर धरा आणि घड्याळ लावून 15 मिनिटं दाबून ठेवा. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, त्याने नुकती धरलेली गुठळी निघून येते आणि परत पहिल्यापासून सुरू. 15 मिनिटांनी नाही थांबलं तर आणखी एकदा तसंच, आणि तरी नाही तर सरळ इमर्जन्सीत जा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वाट बघत बसू नका आणि गेल्या गेल्या डॉक्टरांना ते आधी सांगा. गाठीवर हळद, कॉफी पावडर भरू नका. रक्त थांबतं कधी कधी, पण दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या नाहीतर काळ्या थराखाली नेमकं काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

एका काकूंची केस, पहिल्यापासून

रामबागेत राहणाऱ्या एका काकूंचं सांगते, वय पन्नाशीच्या आत. विळीवर खोबरं खवताना उजव्या हाताच्या अनामिकेला, नखाच्या शेजारी, बारीक चीर गेली. चीर भरली. दहाबारा दिवसांनी तिथे लाल ठिपका. तीन आठवड्यांनी 7 मिलिमीटरची गाठ, खाली बारीक देठ, देठाभोवती पांढुरकी कातडीची कड. भांडी घासताना रोज रक्त. जावेने सांगितलं चामखीळ आहे, दोरा बांधा. काकूंनी बांधला नाही, कारण हात लावला तरी दुखत होतं, त्या त्वचारोगतज्ञांकडे गेल्या.

डॉक्टरांनी पाचसहा प्रश्न विचारले. कधीपासून आहे आणि किती भराभर वाढली. त्या जागी आधी तीळ होता का. नखावर कधी काळी रेघ होती का. अंगावर आणखी कुठे अशी गाठ आहे का. कुठल्या गोळ्या चालू आहेत (मुरुमांसाठी देतात ते आयसोट्रेटिनोइन आणि कॅन्सरची काही औषधं, यांनी नखांच्या कडेला अशा गाठी येतात, आणि त्या एकाच वेळी अनेक बोटांना येऊ शकतात). मग डर्मोस्कोपने, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाने गाठ बघितली, सगळीकडे सारखा लाल रंग, कडेला पांढरी कड, काळा तपकिरी ठिपका कुठे नाही. म्हणाले, "काकू, ही बहुतेक रक्तवाहिन्यांचीच साधी गाठ आहे. काढून टाकू आणि काढलेलं तपासायला पाठवू."

बोट बधिर करायचं इंजेक्शन दिलं, क्युरेट नावाच्या धारदार कडीने गाठ देठासकट खरवडून काढली, तो तुकडा बाजूला डबीत ठेवला आणि मगच खालची जागा कॉटरीने डागली म्हणजे रक्त थांबेल आणि उरलेल्या वाहिन्याही जातील. हा क्रम लक्षात ठेवा, आधी तुकडा काढणे, मग डागणे. सगळी गाठ पहिल्यापासूनच कॉटरीने किंवा लेझरने जाळली तरी बोट बाहेरून तेवढंच छान दिसेल, फक्त डबी रिकामी राहील.

डबी लॅबमध्ये येते तेव्हा

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ही डबी पेशंटच्या घरचाच कुणीतरी लॅबमध्ये घेऊन येतो, म्हणून दोन गोष्टी तुम्हालाच माहीत असलेल्या बऱ्या. तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडलेला पाहिजे, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून आणला तर वाळतो, सलाइनमध्ये ठेवला तर सडायला लागतो, आणि कुणी काळजीने फ्रीजरमध्ये ठेवला तर पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात, या तिन्ही प्रकारात मला काचेवर धड काही दिसत नाही. डबीवर नाव आणि जागा लिहिलेली असावी, "उजवी अनामिका, नखाशेजारी" असं, नुसतं "बोट" नाही. झाकण घट्ट लावा, उघडून वास घेऊ नका, डोळ्यांना आणि नाकाला झोंबतं.

लॅबमध्ये आम्ही तुकडा मोजतो, रंग कसा, देठ दिसतोय का ते लिहितो, मग रात्रभर मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरलं जातं आणि मेणाचा ब्लॉक बनतो. त्या ब्लॉकचे 3 ते 4 मायक्रॉन जाडीचे काप काढायचे (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते काचेवर घेऊन जांभळ्या आणि गुलाबी रंगात रंगवायचे, आणि मग मायक्रोस्कोप. म्हणून रिपोर्टला दिवस लागतात, कुणी मुद्दाम अडवून धरत नाही.

काकूंच्या काचेवर जे दिसायला हवं तेच दिसलं. केशवाहिन्यांचे वेगवेगळे पुंजके, मधे पातळ पट्ट्या, दोन्ही कडांनी कातडी आत वळून गाठीला धरून आहे, वरचा भाग सोललेला आणि तिथे सूज. काही पेशी विभागताना दिसल्या, पण भराभर वाढणाऱ्या गाठीत त्या दिसणारच, त्यांचा आकार बिघडलेला नव्हता. रिपोर्टमध्ये मी लिहिलं "लोब्युलर कॅपिलरी हिमॅन्जिओमा". संध्याकाळी काकूंचा घाबरून फोन, की डॉक्टर म्हणाले एक आणि रिपोर्टमध्ये आलंय भलतंच. भलतं नाही, एकाच गाठीची ही दोन नावं आहेत, दुसरं मायक्रोस्कोपमध्ये जे दिसतं त्यावरून आलेलं. तुमच्या रिपोर्टवर हे नाव आलं तर ती चांगलीच बातमी आहे.

"पण डॉक्टरांना बघून कळत नाही का?"

बहुतेक वेळा कळतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. अडचण उरलेल्या थोड्या वेळांची आहे, कारण तिथे चूक महागात पडते.

मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर लोकांनी ऐकलेला असतो आणि तो काळ्या तिळासारखा असतो हेही ऐकलेलं असतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा तो कॅन्सर, म्हणून काळा. पण काही मेलॅनोमा रंग बनवतच नाहीत किंवा नावापुरता बनवतात, आणि मग ते लाल, गुलाबी, ओलसर, सहज रक्त येणाऱ्या गाठीसारखे दिसतात, म्हणजे अगदी आपल्या या गाठीसारखेच. डर्मोस्कोपने अंदाज पक्का व्हायला मदत होते, पण दोन्हीतल्या रक्तवाहिन्या एकसारख्या दिसू शकतात, त्यामुळे भिंगावर खात्री देता येत नाही. मेलॅनोमाशिवाय कातडीचे दुसरे काही कॅन्सर, आणि क्वचित किडनीच्या कॅन्सरचा कातडीवर पसरलेला भागही असाच लाल, रक्ताळ दिसतो.

"हे गोऱ्या लोकांचे आजार, आपल्याकडे कुठे" असं म्हणणारे खूप भेटतात. आपल्याकडे मेलॅनोमा कमी होतो हे खरंच आहे. पण जो होतो त्यात तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा यांचा वाटा मोठा असतो, उन्हाशी त्याचा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये मेलॅनोमा सापडला, त्याआधी ती फुटबॉलची दुखापत समजली गेली होती, आणि 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. आता बघा, तळपाय आणि बोटं याच जागा लागण्याच्या, आणि मी वर म्हटलं तसं जखम आठवणं किती सोपं असतं. "काटा लागला होता" हे ऐकलं की घरचे आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा निश्चिंत होतात.

मला स्वतःला कुठल्या गाठीची जास्त धास्ती वाटते ते सांगते. आठवड्यांत नाही तर महिने महिने हळूहळू वाढत गेलेली. तळपायावरची किंवा नखाखालची, जिथे नख उचललं गेलंय, फाटलंय. बुडाशी कुठेतरी तपकिरी काळी छटा असलेली. जुन्या तिळाच्या जागेवर आलेली. साठीच्या माणसाला काही कारण नसताना आलेली. यातलं काहीच नसलं तरी काढलेला तुकडा तपासायचाच, पण यातलं एकही असलं तर तुकडा काढायलाच उशीर करायचा नाही.

जाळून टाकली तर नेमकं काय जातं

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण लोकांना वाटतं की तपासणी चुकली तर फार तर निदान थोडं उशिरा होईल. तेवढंच नसतं.

समजा साठीचे एक काका आहेत, सकाळी अनवाणी फिरायची सवय, टाचेवर लाल गाठ, "खडा रुतला होता" अशी आठवण. कुठेतरी ती कॉटरीने जाळली, तुकडा पाठवला नाही. चार महिन्यांनी त्याच जागी परत आली, परत जाळली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तुकडा पाठवला आणि मेलॅनोमा निघाला. आता सर्जन मला पहिला प्रश्न विचारणार की जाडी किती. मेलॅनोमात कातडीच्या वरच्या थरापासून सगळ्यात खोल गेलेल्या कॅन्सरच्या पेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनी 1970 मध्ये ही पद्धत मांडली, आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका आकड्यावर उभे असतात. 1 मिलिमीटरपर्यंत असेल तर आजूबाजूची साधारण 1 सेंटिमीटर चांगली कातडी काढून भागतं, 2 मिलिमीटरच्या वर असेल तर 2 सेंटिमीटर काढावी लागते, टाचेवर 2 सेंटिमीटर म्हणजे बऱ्याचदा दुसरीकडची कातडी आणून लावणं आलं. जांघेतली लसिकाग्रंथी काढून तिथे कॅन्सर पोचलाय का ते तपासायचं की नाही तेही 0.8 ते 1 मिलिमीटरच्या आसपास ठरतं.

काकांच्या बाबतीत हा आकडा देताच येत नाही. पहिल्या गाठीचा वरचा भाग जळाला, दुसऱ्यांदा आणखी जळाला, मधे व्रण तयार झाला, आता व्रणात उगवलेल्या पेशींची जाडी मोजून ती मूळ जाडी होती असं मी कशी म्हणू? म्हणजे मधले महिने गेले ते गेलेच, पण कुठले उपचार किती करायचे हे ठरवायचं मापही गेलं. तो तुकडा पहिल्याच दिवशी डबीत पडला असता तर माप मिळालं असतं.

आणखी एक गोष्ट चुकते, ती जरा बारीक आहे. नुसता वरवरचा कण चिमटून पाठवणे. कुठल्याही सोललेल्या गाठीवर, ती कॅन्सरची असली तरी, वरच्या भागात जखम भरतानाच्या केशवाहिन्या आणि सूज असतेच. कण फक्त तिथलाच आला तर काचेवर तेवढंच दिसतं, मला लिहावं लागतं "जखम आणि सुजलेला भाग, खालचा भाग आलेला नाही", आणि पेशंट वाचतो "कॅन्सर नाही". त्या वाक्याचा तसा अर्थ नाही. गाठीचं बूड आलं नसेल तर तुकडा परत, खोलवर घ्यावा लागतो, आणि असा रिपोर्ट हातात असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, की खालचा भाग आलाय का. शंका असेल तिथे आम्ही त्याच ब्लॉकवर एस-100, सॉक्स-10 असे खास रंग लावतो, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना धरतात, रक्तवाहिन्यांच्या पेशींना धरत नाहीत, त्यावरून उलगडा होतो. पण त्यालाही ब्लॉकमध्ये पुरेसा तुकडा पाहिजे.

"चाकू लावला की कॅन्सर पसरतो ना?"

ही भीती आमच्या आजीच्या वेळेपासून घरोघर आहे आणि तिच्यामुळे लोक महिने घालवतात. कातडीच्या गाठीचा तुकडा काढल्यामुळे मेलॅनोमा पसरला आणि पेशंटचं आयुष्य कमी झालं असं दिसून आलेलं नाही. पूर्वी पेशंट यायचे तेच उशिरा, गाठ आधीच पसरलेली असायची, मग ऑपरेशन व्हायचं आणि नंतरच्या बिघाडाचा दोष चाकूवर यायचा.

चुना, दोरा आणि मीठ

दोरा किंवा घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की देठ आवळला जातो, गाठ काळी पडून गळते आणि केराच्या टोपलीत जाते. बूड तसंच राहतं, परत येते, आणि मधल्या काळात जखम चिघळू शकते. चुन्याने तर आजूबाजूची चांगली कातडीही भाजते, ओठाजवळ आणि डोळ्याजवळ लावला तर कायमचा डाग.

मिठाचं मात्र वेगळं आहे, त्याला हसू नये. साधं मीठ गाठीवर ठेवून वरून पट्टी लावायची, पाणी शोषलं जाऊन गाठ सुकते, आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ञांनी हे पेशंटवर करून वैद्यकीय मासिकांत छापलंय आणि बऱ्याच गाठी गेल्या. पण तिथे गाठ आधी तज्ञांनी बघितलेली होती आणि नंतरही ते बघत होते. हाच उपाय व्हिडिओ बघून घरी केला तर गाठ जाते आणि ती काय होती हा प्रश्न राहतो. मीठ लावायचंच असेल तर आधी दाखवा, डॉक्टर हो म्हणाले तर लावा, आणि दोनतीन आठवड्यांत गेली नाही तर तुकडा काढून घ्या.

लहान मुलं आणि गरोदर बायका

मुलांमध्ये ही गाठ पुष्कळ दिसते, गालावर, ओठावर, बोटांवर. मुलांना मेलॅनोमा होणं फार दुर्मिळ आहे, त्यामुळे छोटी, अगदी ठराविक दिसणारी गाठ असेल तर काही डॉक्टर सुई चाकू न लावता टिमोलॉल नावाचे डोळ्यांत घालायचे थेंब गाठीवर लावायला देतात आणि फोटो काढून लक्ष ठेवतात. हे बरोबर आहे, यात कुणी हलगर्जीपणा करत नसतं. पण ज्या मोजक्या मुलांना मेलॅनोमा होतो त्यांच्यात तो बऱ्याचदा काळा नसून असाच लालसर उंचवटा असतो, म्हणून औषधाने गाठ बसत नसेल किंवा वाढतच असेल तर तिथेही तुकडा तपासायचा. आणि कुठल्याही कारणाने काढली, तर मूल लहान आहे म्हणून तुकडा टाकून द्यायचा नाही.

गरोदरपणात हिरडीवर अशी गाठ येते, बहुधा चौथ्या पाचव्या महिन्यानंतर, ब्रश केला की रक्त. हॉर्मोन आणि दातांवरचा मळ दोन्ही मिळून हे होतं. दात साफ करून घेतले, मऊ ब्रश वापरला तर बऱ्याच जणींचं बाळंतपणापर्यंत निभतं आणि नंतर गाठ आपोआप लहान होते. मधेच काढली तर परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून रक्त फार जात असेल किंवा खाता येत नसेल तरच काढतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांनीही तशीच राहिली तर मात्र दाखवायला हवी, बाळाच्या गडबडीत हेच नेमकं राहून जातं.

परत आली तर

परत येणं म्हणजे कॅन्सर असं नाही. देठाखाली वाहिन्यांचा थोडा भाग राहिला की ही साधी गाठही परत येते, खरवडून डागल्यावर जास्त, पूर्ण कापून टाके घातले तर कमी. कधी कधी, बहुतेक पाठीवर, एक गाठ काढल्यावर आजूबाजूला छोट्या चारसहा उगवतात, बघून धडकी भरते, पण त्याही साध्याच असतात. फक्त दर वेळी काढलेला तुकडा परत पाठवायचा, "मागच्या वेळी चांगला आला होता" म्हणून सोडायचा नाही, आणि फॉर्मवर लिहायचं की ही परत आलेली आहे, आधीचा रिपोर्ट सोबत जोडायचा. पहिल्यांदा तपासणी झालीच नसेल तर तेही लिहा, लाजू नका, त्या एका ओळीने आम्ही काच वेगळ्या नजरेने बघतो, जास्त काप काढतो.

खर्चाचं म्हणाल तर इंदूरच्या एमवायसारख्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचेची ओपीडी आणि पॅथॉलॉजी एकाच ठिकाणी आहेत, तिथे हे कमी पैशात होतं. आणि रिपोर्ट मिळाला की त्यावरचा लॅब नंबर जपून ठेवा. मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये वर्षानुवर्षं टिकतो, पुढे कधी शंका आली, मुंबईला दुसरं मत घ्यायचं झालं, तर त्या नंबरवर लेखी मागणी केली की ब्लॉक किंवा काचा मिळतात आणि त्याच तुकड्याचे नवे काप काढता येतात.